खोडलेल्या ओळींचं पत्र

प्रश्न

ताई, माझ्या मुलाचा साखरपुडा दिवाळीनंतर झाला, लग्न फेब्रुवारीत आहे. मुलगी अमरावतीची, नोकरीसाठी पुण्यात मैत्रिणींबरोबर राहते. आम्ही वाईचे. लग्नानंतर दोघं पुण्यातच राहणार, सणावाराला इकडे येणार. त्याआधी माझ्या हातचं एक पत्र तिला जावं असं मनापासून वाटतं. चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. एकदा ते लग्नपत्रिकेसारखं झालं, एकदा सूचनांच्या पाटीसारखं. पाचवा खर्डा खाडाखोडीसकट सोबत पाठवते आहे. शिवाय आमच्या सासूबाई (वय 86) म्हणतात, लग्नात नाव बदलतात हे पत्रातच कळवून टाक. काय लिहू आणि काय नको?

— एक आई, वाई

उत्तर

ताई, तुमचा खर्डा समोर ठेवूनच लिहायला बसले आहे. आधी न खोडलेला भाग वाचला, मग डोळे बारीक करून खोडलेला. खोडलेला भाग मी तीनदा वाचला. तो का, ते पुढे येईलच.

आधी माझी हकीकत सांगते. 1987 साली माझं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंचं अंतर्देशीय पत्र माझ्या माहेरी आलं. पहिल्या चार ओळी मायेच्या होत्या. त्यानंतरची सात वाक्यं ‘आमच्याकडे’ या शब्दाने सुरू होत होती. आमच्याकडे सकाळी लवकर उठतात. आमच्याकडे अंघोळ झाल्याशिवाय ओट्याला हात लावत नाहीत. आमच्याकडे भाजीत गूळ लागतो. पत्र आईने वाचलं, मग मोठ्या काकूने वाचलं, आणि दुसऱ्या दिवसापासून आईने मला पहाटे पाचला उठवायला सुरुवात केली. लग्नाला दोन महिने होते. ते दोन महिने मी पहाटे उठून, अंघोळ करून, गुळाची भाजी करत होते. सासरी पाऊल टाकलं तेव्हा माझ्या पोटात नुसता गोळा होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी एकदा गप्पांच्या ओघात मी सासूबाईंना त्या पत्राबद्दल विचारलं. त्यांना खरोखर नवल वाटलं. म्हणाल्या, “अगं, नळाला पाणी पाचला यायचं आणि सहाला जायचं. म्हणून लवकर उठणं. तुला आधी कळलं तर तुझी पंचाईत होणार नाही, एवढंच मनात होतं.” त्यांच्या मनात काळजी होती आणि कागदावर नियम उतरला होता. पाण्याची वेळ त्यांनी लिहिलीच नव्हती.

तुमच्या खर्ड्यात ‘आमच्याकडे’ पाच वेळा आलंय. प्रत्येकाखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे. त्यातलं एकही वाक्य वाईट हेतूने लिहिलेलं नाही, हे मला दिसतं. पण ‘आमच्याकडे’ म्हटलं की ‘तुमच्याकडे’ आपोआप तयार होतं, आणि मुलगी उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहते. अशा प्रत्येक वाक्याला विचारा, हे असं का आहे, आणि ते काम आत्ता कोण करतं? उत्तर मिळालं तर तेच लिहा. ‘आमच्याकडे सगळे लवकर उठतात’ याऐवजी ‘पाणी साडेपाचला येतं, ते मी भरते, बादल्यांच्या आवाजाने जाग आली तर दचकू नकोस’. वाक्य लांबलं, पण वाचून तिला काहीही करावं लागत नाही. उत्तर मिळालं नाही, नुसतंच ‘पहिल्यापासून तसं आहे’ एवढंच निघालं, तर ते वाक्य काढून टाका. एखादा सण आला की ती बघेलच, आणि बघून विचारेल.

दुसरं, ‘तू आता आमची मुलगीच’. हे वाक्य तुम्ही प्रेमाने लिहिलंय, तरी ते ठेवू नका. तिची आई अमरावतीत आहे. पंचवीस-तीस वर्षं वाढवलेली लेक परक्या घरी देताना त्या बाईंच्या मनात काय चाललं असेल ते तुम्हाला सांगायला नको, आणि हे पत्र त्याही वाचतील. आणखी एक विचार करून बघा. मुलगी आईला म्हणते, “आज मला स्वयंपाकाचा कंटाळा आलाय, तूच कर.” पुढच्या श्रावणात तिने हेच तुम्हाला म्हटलं, तर कपाळावर आठी न येता ऐकता येईल? कदाचित येईलही, पण ते आज कागदावर देऊन ठेवू नका. लग्नाच्या शेवटी ऐरणीदान होतं तेव्हा तिचे आईवडील दिव्यांची टोपली तुमच्या डोक्यावर धरतील आणि गुरुजी म्हणतील, ‘अष्टवर्षा त्वियं कन्या पुत्रवत् पालिता मया। इदानीं तव पुत्राय दत्ता स्नेहेन पाल्यताम्॥’ ही आठ वर्षांची लेक मी मुलासारखी वाढवली, आता तुमच्या मुलाला दिली आहे, तिला मायेने सांभाळा. मुली आठ वर्षांच्या असताना लग्नं होत त्या काळातला श्लोक आहे तो, आणि आज अठ्ठावीस वर्षांच्या मुलीसाठीही म्हटला जातो. त्या क्षणी सगळे रडत असतात आणि मुलाच्या आईला उत्तर द्यायची संधी कधीच मिळत नाही. तुमचं पत्र हे त्या ओळीचं उत्तर होऊ शकतं, आणि ते आधीच पोचलेलं असेल. तिला मुलगी म्हणण्यापेक्षा हे मोठं आहे.

तिसरं, कौतुक. ‘तू समजूतदार आहेस, सगळ्यांना धरून राहशील याची खात्री आहे.’ ताई, याला मी आगाऊ दिलेली पावती म्हणते. पावती हातात पडली की पैसे भरावेच लागतात. कौतुक करायचंच तर अशा गोष्टीचं करा जिचा तुमच्या घराला काडीचा उपयोग नाही. तुम्ही खोडलेल्या ओळींत ती साखरपुड्यात मोठ्याने हसली होती ते आहे. ते घ्या. आणि ‘त्याला सांभाळून घे, त्याला भूक सोसवत नाही’ हे पूर्ण काढा. तीस वर्षांचा मुलगा आहे, आठ वर्षं पुण्यात स्वतःचं जेवण बघतो आहे. त्याच्याविषयी लिहायचं तर त्याची लहानपणाची एखादी अशी गोष्ट लिहा जी फक्त तुमच्यापाशी आहे, आणि जी वाचून त्यालाही संकोच वाटणार नाही. तीही तुम्ही खोडून ठेवली आहे.

आता नावाचं. हे पत्रात नको, कुठल्याच बाजूने नको. ‘नाव बदलतात’ असं लिहिलंत तर तो हुकूम होतो. ‘नाव बदलायचं की नाही ते तू ठरव’ असं लिहिलंत तर तिला कळतं की घरात यावर बोलणं झालं आहे आणि आता सगळे आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेत. तुमच्या मुलाने तिला समोरासमोर विचारावं आणि ती म्हणेल ते तुम्ही व तुमच्या यजमानांनी सासूबाईंना सांगावं. हे काम तुमचं, तिचं नाही. लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदलायलाच हवं असा कायदा नाही. आणि पहिलं नाव बदलायचं ठरवलं तर राजपत्रात प्रसिद्धी, मग आधार, पॅन, बँक, पासपोर्ट, नोकरीतली कागदपत्रं अशी सगळी वणवण तिलाच करावी लागते. सासूबाईंना बहुधा विधी राहून जाईल याची काळजी असेल. तर त्यांना सांगा, तांदळाचं ताट तेच, सोन्याची अंगठीही तीच. त्या तांदळांत अंगठीने तिचंच नाव लिहायचं. मी हे एका लग्नात पाहिलं आहे. तिथल्या आजींनी आधी नाक मुरडलं, पण नातवाने लिहिलेली अक्षरं वाचून दाखवल्यावर त्यांनीच पहिल्यांदा पेढा तोंडात घातला.

मायन्याची तुमची अडचण छोटी आहे. पत्रिकेत ‘चि. सौ. कां.’ शोभतं, पत्रात ‘प्रिय’ पुरे. तिच्या घरचं लाडाचं नाव तुम्हाला कळलं असलं तरी ते वापरू नका. ते ती स्वतः देईल तेव्हा घ्या. ‘मला आई म्हण’ असंही लिहू नका. आत्ता ती ‘काकू’ म्हणते ना? मग खाली सही करताना तुमचं नाव लिहा.

तुमच्याच खोडलेल्या ओळींतून पत्र कसं उभं राहतं ते लिहून दाखवते. नावांच्या जागा रिकाम्या ठेवल्या आहेत. माझा शब्द जिथे तुमच्या तोंडी बसणार नाही तिथे तुमचा घाला.

---

प्रिय ———,

दुपारची जेवणं झाली आहेत. आजी झोपल्यात आणि घरात कुणी नाही, म्हणून लिहायला बसले. घाई नाही. तूही सवडीने वाच.

साखरपुड्याच्या दिवशी स्वयंपाकघरात तुझ्या आईंनी मला सांगितलं, “जरा सांभार आणता का तिकडून?” मी धावत जाऊन इडलीच्या सांबाराची वाटी भरून आणली. तुझ्या आई वाटीकडे बघतात आणि मी त्यांच्याकडे. तेव्हा तू मागून मोठ्याने हसलीस आणि म्हणालीस, “काकू, आमच्या भागात सांभार म्हणजे कोथिंबीर!” मग एकदम हाताने तोंड झाकलंस. मला ते हसणं फार आवडलं. घरी येताना गाडीत मी तीच गोष्ट दोनदा सांगितली. आता आमच्या घरी भाजीवाल्याकडून येताना हे मुद्दाम विचारतात, “सांभार आणू का?”

आमच्या घराची तुला थोडी ओळख करून देते. घर जुनं आहे, नदीपासून चालत पाच मिनिटांवर. पाणी पहाटे साडेपाचला येतं. ते मी भरते, मला सवय आहे आणि त्या वेळी एकटीने चहा प्यायला मला आवडतं. बादल्यांच्या आवाजाने जाग आली तर दचकू नकोस, कूस बदलून झोप. मधल्या खोलीच्या दाराची कडी नीट लागत नाही. सुताराला सांगितलं आहे, तुम्ही येण्याआधी बसवून घेते. आजींना डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्या बाजूला बसून बोललं की सगळं कळतं, आणि मग त्या जुन्या गोष्टी सांगत बसतात. त्यातल्या अर्ध्या मी चाळीस वर्षांत शंभरदा ऐकल्यात, तुला नव्या असतील.

———ची एक गोष्ट सांगते. तो सात वर्षांचा होता. शाळेतून आला आणि दप्तर न काढताच कोपऱ्यात बसून राहिला. मी दप्तराला हात लावला तर ते हललं. घाटावर सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू त्याने वह्या काढून आत ठेवलं होतं. वह्या कुठे आहेत विचारलं तर म्हणाला, “घाटावर ठेवल्यात, त्यांना भूक लागत नाही.” ते पिल्लू पुढे अकरा वर्षं आमच्या अंगणात राहिलं. ही गोष्ट त्याने तुला सांगितली आहे की नाही मला माहीत नाही. नसेल तर माझ्याकडून घे.

लग्नात ऐरणीदानाच्या वेळी तुझे आईबाबा तुला आमच्याकडे सोपवतील आणि मायेने सांभाळा म्हणतील. त्या वेळी मला बोलता येणार नाही, डोळ्याला पदर असेल. म्हणून आत्ताच लिहिते. तुझ्या आईची जागा मी घेणार नाही, ती घेता येत नाही. पण या घरात तुला कुणी काही बोललं आणि ते तुला लागलं, तर ते माझ्यापाशी येऊन सांगता येईल. बोलणारी मीच असले तरीही. मी लगेच ऐकेन असं नाही, मला जरा वेळ लागतो. पण ऐकेन. आईबाबांना माझा नमस्कार सांग, आणि ही ओळ त्यांना वाचून दाखव.

त्याच्या खोलीत शिसवी कपाट आहे. गेला आठवडाभर मी त्याचा उजवा भाग रिकामा करत होते. शाळेची बक्षिसं, फुटकी बॅट, दहावीच्या वह्या, सगळं माळ्यावर गेलं. आता तिथे तीन फळ्या, एक खण आणि माझ्या लग्नातली कापूर ठेवायची डबी एवढंच आहे. डबी नको असेल तर काढून ठेव. त्या भागाची किल्ली या पत्राबरोबर पाठवते आहे.

लग्नानंतर तुम्ही याल तेव्हा घाटावर कृष्णाबाईचा उत्सव चालू असेल. संध्याकाळी जाऊन येऊ.

तुझी,
———

ता. क. हळदीसाठी आपल्या वाईची हळद दळून आणली आहे. दोन्हीकडे पुरेल एवढी आहे, तुझ्या आईंना कळवते.

---

यात मी मुद्दाम एक ठेवलं आहे, ‘मला जरा वेळ लागतो’. तुमच्या खर्ड्यात तुम्ही लिहिलं होतं की तुम्ही मनाला लावून घेता. ते खोडू नका. पुढे कधी तुम्ही दोन दिवस गप्प राहिलात तर तिला हे वाक्य आठवेल, आणि गप्प राहण्याचा दोष ती स्वतःकडे घेणार नाही. एखादी ओळ तुम्हाला पाळता येणार नाही असं वाटलं, तर ती मात्र पाठवण्याआधीच काढा. सुताराचं काम झालं नसेल तर कडीचा उल्लेखही नको.

पत्र हाताने लिहा, दोन्ही बाजूंनी. फार तर दोन कागद. लिहून झालं की एक रात्र डब्यात ठेवा आणि सकाळी एकदा मोठ्याने वाचा. वाचताना तुमचा आवाज जिथे बारशाच्या भाषणासारखा चढेल तिथलं वाक्य साधं करा. मुलाला वाचून दाखवू नका, फक्त पिल्लाची गोष्ट लिहू का एवढं विचारा.

पाठवायचं तिच्या पुण्याच्या पत्त्यावर, अमरावतीला नको. माझं पत्र मला तिसऱ्या हातून मिळालं होतं. तिने आधी एकटीने वाचावं, मग वाटलं तर आईला दाखवावं. मुलाच्या हाती देऊ नका, नाहीतर ती वाचत असताना तो समोर बसून तिचा चेहरा बघत राहील. बस्त्याच्या खरेदीच्या आधी टाका. साड्यांची आणि मानपानाची बोलणी सुरू झाली की पत्रातली प्रत्येक ओळ त्यांच्याशी जोडून वाचली जाते. स्पीड पोस्टाने पाठवा. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये त्यातच मिसळलं आहे, त्यामुळे खिडकीवर वेगळं मागू नका. पिनकोड आणि तिचा मोबाइल क्रमांक पाकिटावर नीट लिहा.

आणि मग फोन करून ‘मिळालं का’ असं विचारू नका. पावतीवरच्या क्रमांकावरून पोचल्याचं कळतं. उत्तर आठवड्याने येईल, किंवा व्हॉट्सॲपवर दोन ओळींत येईल, किंवा लग्नापर्यंत येणारच नाही. तिच्या वयाच्या मुलींना हाताने पत्र लिहायची सवय नाही, आणि असं पत्र हातात पडल्यावर काय लिहावं हे कुणालाही चटकन सुचत नाही. तिने उत्तर म्हणून नुसता कोथिंबिरीच्या जुडीचा फोटो पाठवला तरी समजा, सगळं पोचलं.

किल्ली पाकिटात सुटी टाकू नका, शिक्का मारताना कागद फाडून बाहेर येते. जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चिकटपट्टीने बसवा आणि पुठ्ठा पत्राच्या घडीत ठेवा. कपाटाला दुसरी किल्ली असेल तर तीही त्याच पुठ्ठ्यावर लावा.